जन्मदाखल्यावर डाकनाम घालू की भालो नाम?

«मी पुण्याची, नवरा कोलकात्याचा. (नावं बदलून लिहिते आहे.) आमची मुलगी सात आठवड्यांची आहे. सासरी सगळे तिला 'तितिर' म्हणतात. खरं नाव मुखेभाताला ठेवू, असं सासूबाईंचं म्हणणं. माझ्या आईला बारशालाच नाव हवं होतं, म्हणून पाळण्यात तितिरच ठेवलं. महापालिकेच्या दाखल्यावर नावाची जागा कोरी आहे. नवऱ्याला 'बिदिशा' आवडलंय. आई म्हणते, बिदिशा तितिर अशी दोन्ही घाला, म्हणजे कुणी नाराज नको. सासरे तिच्या नावाने पोस्टात खातं काढायची घाई करतायत. त्यात आणखी एक: नवऱ्याच्या लहानपणी वडिलांनी काढलेल्या एका बँक खात्यावर त्याचं घरचं नाव 'बुबाई मुखर्जी' आहे, बाकी सगळीकडे देबाशिस मुखर्जी. मुलीचंही असंच होईल का? दाखल्यावर नक्की काय घालू?»

दाखल्यावर फक्त भालो नाम, म्हणजे औपचारिक, कागदोपत्री वापरायचं नाव घाला, आणि ते घरात पक्कं ठरेपर्यंत ती जागा कोरीच राहू द्या. तितिर हे डाकनाम, म्हणजे घरी हाक मारायचं नाव, कोणत्याही सरकारी कागदावर, बँकेत किंवा पोस्टात जाऊ देऊ नका. ऊर्फ लावूनही नको आणि मधलं नाव म्हणूनही नको. कोरी जागा पाहून तुम्हाला काळजी वाटत असेल, पण सध्या तीच तुमच्या बाजूने आहे.

जन्माची खबर 21 दिवसांत द्यावी लागते, हे खरं. दवाखान्यात जन्म झाला असेल तर ती जबाबदारी दवाखान्याची असते आणि तुमच्या बाबतीत ते काम झालेलं आहे. पण खबर जन्माची द्यायची असते, नावाची नाही. 1969च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याने या दोन गोष्टी मुद्दाम वेगळ्या ठेवल्या आहेत. नाव न ठरलेल्या बाळाची नोंद तशीच होते. नोंदणीच्या तारखेपासून 12 महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येतं, आणि त्यानंतरही विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत घालता येतं. समजा नोंदणी 10 जूनला झाली असेल, तर पुढच्या वर्षीच्या जूनच्या सुरुवातीपर्यंत तुम्हाला मोकळा वेळ आहे.

सासूबाईंचं म्हणणं या मुदतीत आरामात बसतं. मुखेभात म्हणजे अन्नप्राशन. मुलाचं सहाव्या किंवा आठव्या महिन्यात आणि मुलीचं पाचव्या किंवा सातव्या महिन्यात करायची रीत आहे: मुलासाठी सम महिना, मुलीसाठी विषम. बाळाला पायेसाचा, म्हणजे तांदळाच्या खिरीचा पहिला घास बहुधा मामा भरवतो, तेव्हा तुमच्या भावाला तारीख आधीच कळवून ठेवा. पुष्कळ घरांत भालो नाम याच दिवशी जाहीर होतं. आपल्याकडे बाराव्या दिवशी पाळण्यात नाव घालतात आणि तेच पुढे शाळेत जातं. त्यामुळे बारशाला ठेवलेलं नाव हेच खरं, असं तुमच्या आईंना वाटणं साहजिक आहे. पण बंगाली घरात बाळ जन्मल्याबरोबर जे नाव तोंडी येतं ते डाकनाम, हाक मारायचं नाव. त्यासाठी मुहूर्त, अर्थ किंवा अक्षर काहीच लागत नाही. बुबाई, मिठू, टुम्पा, खोकोन, बुरी अशी ही नावं असतात. काहींना अर्थच नसतो, आणि काही मुलालाही चालतात आणि मुलीलाही. एका घरात चार बुबाई निघाले तरी कुणाची अडचण होत नाही.

भालो नाम मात्र विचार करून ठेवतात. त्याला अर्थ असतो, बहुतेक वेळा ते संस्कृत वळणाचं असतं, आणि अनेकदा भावंडांच्या नावांशी त्याचं आद्याक्षर किंवा यमक जुळवतात. आजोबा, आजी, आत्या सगळ्यांची मतं घेतली जातात, म्हणून वेळही लागतो. अमर्त्य सेन यांचं 'अमर्त्य' हे भालो नाम रवींद्रनाथ ठाकुरांनी सुचवलेलं. घरी ते 'बाबलू'. सत्यजित राय घरी 'माणिक', सौरव गांगुली 'महाराज'. ही नावं जगजाहीर आहेत, पण त्यांच्या सही-शिक्क्याच्या कागदाशी त्यांचा संबंध नाही. म्हणजे सासरचे लोक तुमच्या मुलीला नाव ठेवायचं लांबणीवर टाकत नाहीयेत. एक नाव त्यांनी पहिल्याच आठवड्यात दिलं. दुसऱ्याचा मान मोठा, म्हणून ते सावकाश देणार आहेत.

पूर्वी भालो नाम शेवटी पक्कं व्हायचं ते शाळेच्या रजिस्टरात. पुष्कळांकडे जन्मदाखलाच नसायचा. पश्चिम बंगालात आजही अनेकांचा वयाचा आणि नावाचा मुख्य पुरावा म्हणजे माध्यमिक परीक्षेचं प्रवेशपत्र, आणि त्यावरचं नाव येतं नववीतल्या बोर्डाच्या नोंदणीवरून. त्यामुळे शाळाप्रवेशाच्या वेळी नाव थोडं बदललं तरी खपून जायचं. ज्योती बसू मुळात ज्योतिरिंद्र. शाळेत घालताना वडिलांनी नाव छोटं केलं आणि पुढे तेच राहिलं. तुमच्या मुलीच्या बाबतीत ही सवड नाही. कायद्यातली दुरुस्ती 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू झाली. त्या दिवशी आणि त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, विवाह नोंदणी, सरकारी नोकरी आणि आधार या कामांत जन्मतारीख आणि जन्मस्थळ जन्मदाखल्यावरूनच सिद्ध करायचं. पासपोर्टच्या नियमांतही 2025मध्ये तसाच बदल झाला. म्हणजे शाळा, बोर्ड, पासपोर्ट सगळे याच एका कागदाकडे बघणार. म्हणून वेळ घ्यायचा असेल तर तो आत्ताच, कोऱ्या जागेवर घ्या.

एकदा नाव चढलं की ते बदलणं फार अवघड. कायद्याचं कलम 15 चूक दुरुस्त करण्यासाठी आहे. 'Bidisha'च्या जागी 'Bidsha' पडलं तर ती चूक. पण 'आधी तितिर लिहिलं, आता बिदिशा हवंय' ही चूक नव्हे, तो तुमचा बदललेला विचार आहे, आणि निबंधक त्यासाठी सहसा तयार होत नाही. मग अर्ज, शपथपत्र, राजपत्र, आणि त्यानंतर प्रत्येक खात्यात नव्याने समजावणं.

आता दोन्ही नावं घालण्याबद्दल. आईंचा हेतू चांगला आहे, पण महाराष्ट्रात मधल्या नावाची जागा रिकामी नसते. आपल्याकडच्या फॉर्मात पहिलं नाव, मग वडिलांचं नाव, मग आडनाव असा क्रम गृहीत धरलेला असतो. बंगाली नावात वडिलांचं नाव मध्ये येत नाही. तिथे मध्ये काही आलंच तर कुमार, चंद्र, नाथ असा नावाचाच भाग येतो. 'बिदिशा तितिर मुखर्जी' असं लिहिलंत की आपल्याकडचा कारकून आणि संगणक दोघेही तितिर हे वडिलांचं नाव समजतील. शाळेच्या जनरल रजिस्टरात वडिलांच्या रकान्यात तितिर पडेल, आणि ते दहावीच्या अर्जात उघडकीला येईल, तेव्हा वेळ थोडा असेल. शिवाय महाराष्ट्र शासनाच्या निर्णयानुसार 1 मे 2024 रोजी आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांचं नाव शासकीय दस्तऐवजांत बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशा क्रमाने लिहायचं आहे. शाळेत तिचं नाव बिदिशा, मग तुमचं नाव, मग देबाशिस, मग मुखर्जी असं चौपदरी होणारच. त्यात पाचवं नाव घुसवायला जागा नाही.

'बिदिशा ऊर्फ तितिर' हाही पर्याय कुणी सुचवेल. बंगालातल्या जुन्या खरेदीखतांत 'ओरफे' लावून डाकनाम लिहिलेलं पुष्कळदा दिसतं. गावात माणूस त्याच नावाने ओळखला जायचा, आणि साक्षीदाराला दुसरं नाव माहीतही नसायचं. तिथे ते गरजेचं होतं. सात आठवड्यांच्या मुलीला ती गरज नाही. उलट पासपोर्टच्या अर्जात 'तुम्ही इतर कोणत्या नावाने ओळखले जाता का' असा प्रश्न असतो, आणि अमेरिकेच्या व्हिसाच्या अर्जातही वापरलेली इतर नावं विचारतात. घरात हाक मारायचं नाव कोणत्याच कागदावर नसेल तर त्याला कागदोपत्री दुसरं नाव मानायचं कारण नाही, असं आमचं मत. पण ऊर्फ लावून तुम्हीच ते जन्मदाखल्यावर नेलंत, तर प्रत्येक वेळी ते सांगावं लागेल आणि त्याचा पुरावाही जोडावा लागेल.

तितिरच इतकं आवडलं असेल की तेच भालो नाम करायचं, तर तेही चालतं. बप्पी लाहिरींचं भालो नाम अलोकेश होतं, पण जगाने बप्पीच स्वीकारलं. हल्ली काही घरांत छोटं, गोड नावच भालो नाम म्हणून ठेवतात. मग दाखल्यावर तितिर मुखर्जी एवढंच घाला आणि बिदिशा सोडून द्या. काहीही ठरवा, पण कागदावर एकच.

बिदिशा ठरलं तर मात्र एका गोष्टीकडे डोळ्यांत तेल घालून बघा. बंगाली उच्चारात आपला 'व' पुष्कळ ठिकाणी 'ब' होतो. आपली विदिशा त्यांची बिदिशा, वर्णाली ती बर्णाली, वृष्टी ती ब्रिष्टी. पुण्याचा दाखला मराठी आणि इंग्रजी दोन्हींत छापला जातो. तुम्ही इंग्रजीत Bidisha लिहून दिलंत आणि मराठीचा रकाना तसाच सोडलात, तर टंकणारा माणूस भल्या मनाने 'विदिशा' असं 'सुधारून' टाकेल. त्याला ते चुकीचं बंगाली वाटणार नाही, बरोबर मराठी वाटेल. पुढे मराठी शाळेच्या रजिस्टरात विदिशा चढतं, तिथून कुणी इंग्रजीत Vidisha करतं, आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर तुमच्या मुलीचं नाव जन्मदाखल्याशी जुळत नाही. म्हणून अर्जावर दोन्ही लिप्यांत स्वतःच्या हाताने, ठळक अक्षरांत लिहा, आणि मराठीतही 'बिदिशा'च ठेवा. नवऱ्याचं नाव मराठीत देबाशिस लिहायचं की देवाशीष, हेही आत्ताच ठरवा. त्याच्या आधारवर इंग्रजीत जे स्पेलिंग आहे, Debasish, Debashis किंवा Debashish, तेच दाखल्यावर हवं. ही तिन्ही बंगालात सर्रास चालतात, पण एका माणसाच्या कागदांत एकच चालतं.

आडनावाचंही असंच. मुखर्जी आणि मुखोपाध्याय, बॅनर्जी आणि बंद्योपाध्याय, चॅटर्जी आणि चट्टोपाध्याय, गांगुली आणि गंगोपाध्याय ही एकाच आडनावाची दोन रूपं. ममता बॅनर्जींचं आडनाव बंगाली वर्तमानपत्रांत बंद्योपाध्याय असंच छापून येतं, आणि तिथे त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. एकाच घरात सासऱ्यांच्या कागदावर मुखोपाध्याय आणि मुलाच्या कागदावर मुखर्जी असू शकतं. तुमच्या मुलीसाठी वडिलांच्या आधार-पासपोर्टवरचं रूप घ्या. आजोबांच्या कागदाशी ते जुळत नसलं तरी हरकत नाही, कारण जन्मदाखल्यावर आजोबांचं नाव येत नाही.

नाव घालायचं काम तसं छोटं आहे. जिथे जन्माची नोंद झाली त्याच कार्यालयात जायचं. राहता भाग वेगळा असला तरी दवाखाना ज्या हद्दीत आहे तिथलं कार्यालय. कोऱ्या नावाच्या दाखल्याची प्रत न्या, त्यावरचा नोंदणी क्रमांक आणि नोंदणीची तारीख अर्जात लागते. तुम्हा दोघांची आधार कार्डं न्या. अर्जावर दोघांचीही सही करा. एकाचीच सही चालते म्हणून कुणी सांगितलं तरी दोघांनी करा, म्हणजे नंतर 'मला न विचारता' असा मुद्दा उरत नाही. नावाच्या जागी नाव आणि आडनाव दोन्ही लिहा. नुसतं 'बिदिशा' लिहिलंत तर पासपोर्टच्या वेळी आडनाव कुठून आणलं, हा प्रश्न निघतो. नवा दाखला हातात पडला की खिडकीपासून हलण्याआधी पाच गोष्टी वाचा: मुलीचं नाव दोन्ही लिप्यांत, तुमचं नाव, नवऱ्याचं नाव, जन्मतारीख आणि नोंदणी क्रमांक. तिथल्या तिथे सापडलेली टंकाची चूक बहुधा लगेच निस्तरता येते.

तोवर बाकी काही कागद करायची घाई नको. लसीकरणाच्या कार्डावर आणि दवाखान्याच्या फायलीवर तुमच्या नावाने 'बेबी ऑफ' लिहिलं असेल तर ते तसंच राहू दे. तिथे कुणी प्रेमाने तितिर लिहायला सांगितलं तर नको म्हणा. आधारही नाव ठरल्यावरच काढा. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. 'बेबी ऑफ' नावाने किंवा डाकनामाने आधार काढलंत तर त्यातली एक संधी पहिल्याच वर्षात खर्च होते, आणि लग्नानंतर आडनाव बदलायची वेळ आली तर तिच्या हातात एकच उरते.

सासऱ्यांच्या पोस्टातल्या खात्याचंही उत्तर यातच आहे. ते बहुधा सुकन्या समृद्धीबद्दल बोलत असतील. ते खातं मुलगी दहा वर्षांची होईपर्यंत कधीही काढता येतं, त्यासाठी तिचा जन्मदाखला लागतो, आणि खातं काढायचं ते आईने, वडिलांनी किंवा कायदेशीर पालकाने. आजी-आजोबांनी स्वतः पालक म्हणून काढलेली खाती 2024च्या सूचनांनुसार आई-वडिलांकडे वळवावी लागली. तेव्हा त्यांना सांगा, 'बाबा, खातं आम्ही काढतो, पैसे तुम्ही घाला.' त्यांच्या मनातलंही होईल आणि नावही एकच राहील. त्यांनी स्वतःच्या ठेवीवर किंवा विम्यावर नातीला वारस नेमायचं म्हटलं तरी हेच सांगा. नॉमिनी म्हणून 'तितिर' लिहिलं गेलं तर ते घरात कुणालाच खटकत नाही. खटकतं ते दावा करायच्या दिवशी, आणि तेव्हा 'तितिर म्हणजे हीच' असं सांगू शकणारा मुख्य माणूसच नसतो.

देबाशिस यांच्या खात्याचं अगदी हेच झालंय, फक्त ते निस्तरायला माणसं अजून आहेत. लवकर करून टाका. त्यांच्या वडिलांनी त्या काळी शाखेत मुलाचं नाव विचारल्यावर घरचं नाव सांगितलं. लहान मुलाच्या खात्याला तेव्हा फारसा पुरावा लागत नव्हता. आज तिथे पॅन जोडायला गेलं की नाव जुळत नाही, म्हणून केवायसी अडकतं. व्यवहार नसेल तर दोन वर्षांनी खातं निष्क्रिय होतं, आणि दहा वर्षांनी रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधीत जाते. तिथूनही ती बँकेमार्फत परत मिळते, बुडत नाही. खातं कोणत्या अवस्थेत आहे हे माहीत नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या UDGAM पोर्टलवर शोधा. खातेदाराचं नाव आणि बँक निवडून सोबत पॅन, जन्मतारीख, पत्ता यांतलं एखादं द्यावं लागतं. इथे देबाशिस नव्हे, पासबुकावर आहे तसं 'बुबाई मुखर्जी' टाका, आणि पॅनऐवजी जन्मतारीख किंवा त्या वेळचा कोलकात्याचा पत्ता द्या. या खात्याला पॅन कधी जोडलेलाच नाही, म्हणून पॅनने शोधून ते सापडणार नाही.

नंतर शाखेला लेखी अर्ज करा, आणि मागणी 'नावात बदल' अशी न करता 'खात्यावरचं नाव दुरुस्त करा' अशी करा. सोबत पासबुक, पॅन, आधार, माध्यमिकचं प्रवेशपत्र आणि एक शपथपत्र जोडा. शपथपत्रात मुख्य वाक्य असं हवं: 'बुबाई मुखर्जी आणि देबाशिस मुखर्जी ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची, म्हणजे माझीच आहेत. बुबाई हे माझं घरी हाक मारण्याचं नाव असून अमुक क्रमांकाचं खातं माझ्या वडिलांनी माझ्या अज्ञानपणी त्या नावाने उघडलं.' त्यात वडिलांचं नाव, जन्मतारीख, तेव्हाचा आणि आताचा पत्ता लिहा. सासऱ्यांचीही अशाच मजकुराची सही घ्या, कारण खातं त्यांनी उघडलं आहे आणि शाखेच्या जुन्या फॉर्मवर त्यांचीच सही असणार. शपथपत्र करण्यापूर्वी शाखेला एक गोष्ट विचारा: नोटरीचं चालेल की न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरचं हवं? बंगालात प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर केलेल्या शपथपत्राची पद्धत रूढ आहे, आणि त्यानंतर वर्तमानपत्रात दोन-चार ओळींची जाहिरात देतात. कोलकात्याच्या पेपरांत 'अमुक ओरफे तमुक, एकच व्यक्ती' अशा मजकुराच्या छोट्या जाहिराती तुमच्या सासरच्यांना रोज दिसत असतील. पुण्यात नोटरी करून पाठवलेला कागद तिथल्या शाखेने परत केला, तर खर्च दुप्पट होतो.

राजपत्रात नावबदल मात्र करू नका, कुणी एजंट सुचवला तरी. राजपत्रात जुनं नाव आणि नवं नाव छापतात. म्हणजे देबाशिस हे पूर्वी कायद्याने बुबाई होते आणि आता देबाशिस झाले, असा अर्थ होतो, आणि तो खरा नाही. माध्यमिकपासून आजपर्यंत ते देबाशिसच आहेत. शिवाय पासपोर्टच्या अर्जात 'नाव कधी बदललं आहे का' याला पुढे कायम 'हो' लिहावं लागेल. एक माणूस, दोन नावं, इतकंच सिद्ध करायचं असेल तर शपथपत्र पुरतं. राजपत्र हे खरोखर नाव बदलणाऱ्यासाठी आहे.

जाता जाता सासूबाईंचेही कागद एकदा बघून घ्या. बंगालात आधीच्या पिढीतल्या बायकांची डाकनामं मतदार यादीत बरीच शिरलेली आहेत, कारण यादी करणारा दारात आल्यावर घरच्या कुणीतरी तोंडी येईल ते नाव सांगितलेलं असायचं. 2025च्या अखेरीस तिथे यादीचं विशेष सखोल पुनरीक्षण सुरू झालं आणि 2002च्या यादीशी नाव जुळवायची वेळ आली, तेव्हा अशा नावांमुळे लोकांना धावपळ करावी लागली. त्यांच्या मतदार कार्डावर आणि पेन्शन किंवा बँकेच्या पासबुकावर नाव वेगळं असेल तर त्यांचंही शपथपत्र देबाशिस यांच्यासोबतच करून घ्या.

घरात मात्र तितिरला अजिबात कात्री लावू नका. आजी-आजोबा, आत्या, काका आणि पाड्यातली माणसं तिला त्याच नावाने ओळखतील. ती मोठी झाली की धाकटी भावंडं तितिरदी म्हणतील. लग्नपत्रिकेवरसुद्धा भालो नामापुढे कंसात डाकनाम छापलेलं चालतं; तो घरचा कागद आहे, तिथे त्याची शोभा आहे. फक्त तिला दोन्ही नावं आपली वाटली पाहिजेत. पाळणाघरात पहिल्या दिवशी 'बिदिशा' अशी हाक आली आणि मूल वळूनच बघत नाही, हे बंगाली घरांत नेहमी घडतं. दीड-दोन वर्षांची झाली की खेळताना 'भालो नाम काय?' असं विचारत जा. बंगाली पाहुणे लहान मुलाला हाच प्रश्न आधी विचारतात, त्यामुळे सराव आपोआप होईल. पाळणाघराच्या रजिस्टरात बिदिशा मुखर्जी लिहा, आणि सांभाळणाऱ्या मावशींना तोंडी सांगा की रडत असली तर तितिर म्हणा.